नऊ फुटांची गल्ली आणि उजवीकडचा खिसा

एल्रॉय बाप्टिस्टबद्दल सांगायचं तर आधी त्याच्या शर्टाच्या खिशाबद्दल सांगायला हवं. जगातल्या यच्चयावत पुरुषांच्या शर्टाला खिसा डाव्या बाजूला असतो. एल्रॉयच्या शर्टाला तो उजव्या बाजूला असतो. कारण एल्रॉय डावखुरा, आणि त्याचे शर्ट शिवते ती त्याची आत्या, इनेझ आंटी. डाव्या हाताने पेन काढायचं तर खिसा उजवीकडेच हवा, हे तिचं साधं गणित. तो सहावीत असताना हेडमास्तरांनी या खिशावर हरकत घेतली होती. युनिफॉर्म म्हणजे युनिफॉर्म, म्हणाले. दुसऱ्या दिवशी इनेझ आंटी शाळेत आली आणि ऑफिसात जाऊन अशी काही कडाडली, की आम्ही मुलं जिन्यात उभी राहून ऐकत होतो. "पोरगा देवाने डावखुरा केलाय, मी नाही. तुम्ही देवाला नोटीस काढा." पुढे दहावीपर्यंत एल्रॉयचा खिसा उजवीकडेच राहिला.

मी देविका. एल्रॉयची वर्गमैत्रीण, शेजारच्या चाळीतली, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन नुकतीच सुटलेली आणि त्यामुळे हाताला काम शोधणारी. माझ्या तोंडून कुणाचं कौतुक सहसा निघत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. तरी हे लिहायला बसले आहे.

एल्रॉयची आई तो पाच वर्षांचा असताना गेली. वडील वॉरेन गोदीत कामाला होते, तेही फार टिकले नाहीत. मग आत्यानेच त्याला वाढवलं. तिने लग्न केलं नाही. खोताच्या वाडीतल्या तिच्या लाकडी घरात खिडकीशी मशीन, मशीनवर आंटी आणि मशीनखाली अभ्यास करणारा एल्रॉय, हे चित्र मी कित्येक वर्षं पाहिलंय. वाडीतल्या पोरींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक, नवऱ्यामुलींचे गाऊन, आमच्या चाळीतल्या बायकांचे ब्लाउज, माझ्या अप्पांचे बुशशर्ट, शाळेचे युनिफॉर्म, सगळं तिच्या हातचं. आणि तिचे निकाल दोनच. काम बरं झालं की "चालेल". नाही झालं की "उसव". फिटिंग करताना कापड अंगावर अगदी हवं तसं बसलं तर क्वचित, तोंडात टाचण्या धरून, ती "बरोबर" म्हणायची. पण ते कापडाला. माणसाला नाही.

एल्रॉयला तिने कधी "बरोबर" म्हटलं नाही. तो पास झाला तेव्हा "चालेल". फोटोग्राफी शिकला तेव्हा "चालेल". वाडीच्या तोंडाशी मुख्य रस्त्यावर त्याने फोटोचं दुकान टाकलं, इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत गेली तर तिसऱ्याने पोट आत ओढून यायचं, तेव्हा तिने दारात उभं राहून वर-खाली पाहिलं आणि म्हणाली, "बोर्ड जरा वाकडा आहे." बोर्ड वाकडा होताच. आता एल्रॉयचं पन्नाशीपलीकडे वय, डोक्यावर मोजके केस, पण आत्याच्या त्या एका शब्दासाठी तो आजही शाळकरी पोरासारखा आशेवर असतो. हे तो कुणाला बोलत नाही. मला एकदा बोलला होता.

म्हणूनच आंटीचा ऐंशीवा वाढदिवस आला आणि वाडीने काहीतरी करायचं ठरवलं, तेव्हा एल्रॉय पुढे सरसावला.

"तिचा मोठ्ठा चेहरा करू," तो म्हणाला. "फोटो मोझॅक. जवळून बघितलं की छोटे छोटे फोटो, लांबून बघितलं की आंटी. आणि फोटो कुठले, तर तिने शिवलेले कपडे घातलेल्या लोकांचे. सगळ्या घरांतून गोळा करायचे."

कल्पना सगळ्यांना आवडली. मला तर इतकी आवडली की मी लगेच फोटो गोळा करायचं काम अंगावर घेतलं. आणि उत्साहाच्या भरात घरोघरी सांगून आले, "तुमचा फोटो तळहाताएवढा दिसेल हं. नीट ओळखू येईल." हे मी एल्रॉयला न विचारता सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

साडेचारशेच्या आसपास फोटो जमले. कपाटांतले अल्बम निघाले, ट्रंका उघडल्या. समोरच्या घरातल्या नेरिसाने तिच्या मुलीचा, कॅरिसाचा, कम्युनियनचा फोटो दिला. आमच्या चाळीतल्या सुभद्राबाईंनी मुंजीतला दिला, नवं ब्लाउज आणि पदर झोकात. माझ्या अप्पांनी स्वतःचे नऊ फोटो दिले, सगळ्यांत बुशशर्ट. मधला चेहरा एल्रॉयने स्वतः टिपला. आंटी मशीनवरून मान वर करून बघते आहे, खिडकीतून एका बाजूने उजेड, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा. "काळं-पांढरं ठसठशीत असलं की मोझॅक उठतं," तो म्हणाला. "आणि तिच्या चष्म्याच्या दोन रिंगा दिसल्या की अर्धं काम झालं."

जागा ठरली ती आंटीच्याच घराची गल्लीकडची भिंत. साडेचार फूट रुंद आणि सहा फूट उंच चित्र. एल्रॉयने माझ्या हट्टाखातर तीन-तीन इंचांचे तुकडे धरले. आडवे अठरा, उभे चोवीस. "हॉलमध्ये मी हीच साइझ करतो," तो म्हणाला. लग्नाच्या रिसेप्शनना त्याने अशी मोझॅकं केली होती, स्टेजच्या मागे लावायची. पाहुणे जेवणाच्या टेबलाशी बसून बघायचे आणि वा वा म्हणायचे.

त्याने चित्र वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. काय दिसत होतं! हुबेहूब आंटी. दोन मिनिटांत अंगठ्यांचा आणि बदामांचा पाऊस पडला. अप्पांनी सुद्धा बोटाने चित्र मोठं करून स्वतःला शोधलं आणि समाधानाने फोन खाली ठेवला.

बुधवारी आंटी माहीमच्या चर्चला नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाते. तेवढ्यात आम्ही साध्या कागदावरचा कच्चा प्रिंट भिंतीवर लावून बघितला. लोक जमले. बघायला लागले. आणि एकेक करून डोळे चोळायला लागले.

चेहराच नव्हता. फोटो होते. तळहाताएवढे, छान, ओळखू येणारे. लोक बोटं दाखवून "हा बघ मी, ही बघ वहिनी" करत होते. पण आंटी कुठे आहे? मी मागे सरकले, आणखी सरकले, आणि पाठ नेरिसाच्या भिंतीला टेकली. आमची गल्ली नऊ फुटांची आहे. माणूस मागे जाऊन जाऊन जाणार कुठे?

"फोनवर तर दिसत होतं रे," मी म्हणाले.

एल्रॉयने कपाळावर हात मारला. "फोनवर सहा फुटांची आंटी दोन इंचांची होते, देविका. म्हणजे एकेक टाइल, एकेक तुकडा, टाचणीच्या टोकाएवढा. दिसणारच. हॉलमध्ये लोक तीस-तीस फुटांवर बसतात. मी साला गल्लीची रुंदी धरलीच नाही."

"मग किती लांब जावं लागेल?"

त्याने नेरिसाच्या उघड्या दाराकडे बघितलं. आत हॉल, हॉलच्या मागे स्वयंपाकघर. तो आत शिरला. मी त्याच्या मागे. नेरिसा बोंबील तळत होती. ओट्याला टेकून एल्रॉय वळला, आणि ओरडला, "दिसली!"

खरंच दिसत होती. दोन दारांच्या चौकटींतून, तेलाच्या धुरातून, आंटीचा अर्धा चेहरा. एक डोळा, नाक, चष्म्याची एक रिंग. हे ऐकून बाहेरची सगळी मंडळी आत यायला लागली. नेरिसाच्या स्वयंपाकघरात रांग लागली. येणारा ओट्याला टेकायचा, "हो की!" म्हणायचा आणि जाताना एक बोंबील उचलायचा. शेवटी नेरिसा झारा घेऊन उभी राहिली. "आता प्रत्येक वेळी आंटीला बघायला माझ्या किचनमध्ये येणार का तुम्ही लोक?"

त्या संध्याकाळी दुकानात एल्रॉयने मला सरळ सांगितलं. "टाइल लहान करावी लागेल. तीन इंचांची एक इंच केली की लांब जायचं अंतर पण एक तृतीयांश होतं. मग नऊ फुटांत जमेल, निदान भिंतीला पाठ लावून."

"एक इंच? टपाल तिकिटाएवढा फोटो? मी लोकांना तळहात सांगितलाय!"

"अर्धा इंच केला तर चेहरा आणखी झकास येईल. पण मग फोटोत काय आहे ते कुणालाच कळणार नाही. एक इंच म्हणजे नाक लावून बघितलं तर माणूस कळतो. तू लोकांना सांग, तळहात आखडला म्हणून."

मी भांडले. खोटं कशाला बोलू, चांगली भांडले. लोकांनी स्वतःला बघायला फोटो दिले आहेत, म्हणाले. एल्रॉय शांतपणे म्हणाला, "लोकांनी आंटीसाठी दिले आहेत." मी चहा मागवला.

पण एक इंचाने नवंच लचांड उभं राहिलं. आता तुकडे लागणार होते जवळजवळ चार हजार, आणि फोटो साडेचारशे. म्हणजे तेच ते फोटो पुन्हा पुन्हा येणार. सॉफ्टवेअर बिचारं प्रत्येक जागेला रंगाने सगळ्यात जुळणारा फोटो शोधतं, त्याला माणुसकी नसते. आंटीच्या कपाळावर जिथे उजेड पडला होता तिथे त्याने कॅरिसाचा पांढरा फ्रॉक लावला. एक नाही, ओळीने लावला. कपाळभर कॅरिसाच कॅरिसा, बाथरूमच्या फरशीसारखी. आणि केसांच्या काळ्या जागी माझे अप्पा, गडद बुशशर्टातले, पलटणीच्या पलटणी.

"अप्पांना दाखवू नकोस," मी म्हणाले. "आयुष्यभर जमिनीवर येणार नाहीत."

एल्रॉयने मग सॉफ्टवेअरला अट घातली, की एक फोटो एकदा वापरला की आजूबाजूच्या सहा घरांत, म्हणजे चौकोनांत, पुन्हा यायचा नाही. पलटणी मोडल्या. पण आता जुळणारे फोटो लांब गेल्यामुळे त्यांच्या जागी न जुळणारे घुसले, आणि कपाळावर देवी आल्यासारखे खड्डे दिसायला लागले. पुनरावृत्ती टाळावी तर चेहरा बिघडतो, चेहरा सांभाळावा तर पुनरावृत्ती होते. इकडे आड, तिकडे विहीर.

"वरून आंटीच्या फोटोचा रंग थोडा जास्त चढव ना," मी सुचवलं. अशी सोय असते, हे तोवर मला कळलं होतं. मूळ चेहऱ्याची पातळ छटा सगळ्या तुकड्यांवर पसरायची, मग काहीही लावा, लांबून चेहरा दिसतोच.

"दहा टक्के देतो, त्याच्या वर नाही. ती नाक लावून बघणार. तिला तिच्या प्रत्येक कापडाचा रंग आठवतो. मोरपिशी कापड मातकट दिसलं तर विचारेल, हे कुठल्या दुकानातून आणलं."

शेवटी त्याने फोटोंची संख्याच वाढवली. एकेका फोटोचे निरनिराळे भाग कापले, एकात नुसता चेहरा, एकात छाती-बाह्या, एकात घेर. आणि प्रत्येकाची आरशात दिसते तशी उलटी प्रत करून संख्या दुप्पट केली. उलट करताना तो इतका काळजीपूर्वक बसला होता, की ज्या फोटोत दुकानाची पाटी, बसचा नंबर, कॅलेंडर असं काही अक्षर दिसेल तो बाजूला काढत होता. "अक्षर उलटं दिसलं की चोरी पकडली जाते," तो म्हणाला. मीही शेजारी बसून पाट्या शोधत होते. आमच्या दोघांच्या चष्म्यातून एक पाटी सुटली नाही.

कपाळ नितळ झालं. गाल भरले. परळच्या मोठ्या मशीनवर चांगल्या विनाईलवर प्रिंट काढला, पातळ बोर्डावर चिकटवला.

वाढदिवस रविवारी. चर्चमधल्या मासनंतर सगळे गल्लीत जमले. चित्रावरची चादर काढली. लोक समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले, काहींनी डोळे बारीक केले, काहींनी सवयीने फोन वर धरला, आणि गल्लीभर "अगं बाई, आंटी!" झालं. दिसत होती. खिडकीशी बसलेली, चष्म्याच्या दोन काळ्या रिंगांतून आपल्याकडे रोखून बघणारी. एल्रॉय घामाघूम होऊन उभा होता. तो चित्राकडे बघत नव्हता. आत्याकडे बघत होता.

आंटी नेरिसाच्या हाताला धरून आली. निळा फ्रॉक, स्वतःच शिवलेला. आता हिने मागे उभं राहून चेहरा बघावा ना? नाही. शिंपीण ती. तिने चष्मा काढला. उणे नऊचा चष्मा आहे तिला. त्याशिवाय लांबचं काही दिसत नाही, पण चष्मा काढला की अर्ध्या वितीवरचं इतकं लख्ख दिसतं की अजून सुईत दोरा स्वतः ओवते. चष्मा हातात धरून ती सरळ भिंतीशी गेली आणि चित्राला नाक लावलं.

"हा देविकाचा अप्पा," ती म्हणाली. लोक हसले. अप्पा खुर्चीत सरळ बसले.

"ह्याचा खिसा उजवीकडे कसा?"

कुणाला काही कळेना. आंटीचं नाक पुढे सरकलं. "ही सुभद्रा. हिचा पदर उजव्या खांद्यावर? मुंजीला गेली होती की गरब्याला?" आणखी पुढे. "हा शर्ट. बटणं बायकांच्या बाजूला. हा पण. अरे, हे काय? मी असं कधी शिवलं? साठ वर्षांत एक शर्ट असा शिवला नाही मी!"

पाट्या शोधल्या, कॅलेंडरं शोधली. खिसा कुणी बघितला?

"आंटी, ते फोटो उलटे केलेत," एल्रॉय पुढे झाला. "फोटो कमी पडत होते. तेच तेच आले असते ना, म्हणून—"

पण आंटी ऐकत नव्हती. ती एका जागी थांबली होती. चष्म्याच्या उजव्या रिंगेच्या जरा खाली. तिने बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. शाळेचा पांढरा शर्ट घातलेला एक किडकिडीत पोरगा, केस चोपून बसवलेले. खिसा इतर सगळ्या पोरांसारखा, डावीकडे.

"हा तू," ती म्हणाली.

एल्रॉयचा हात स्वतःच्या खिशाकडे गेला.

"ह्या खिशासाठी मी हेडमास्तरशी भांडले."

आंटीने चष्मा डोळ्यांवर चढवला, चित्राकडे न बघता वळली आणि म्हणाली, "उसव." मग नेरिसाला म्हणाली, "चल गो, केक काप. उन्हात क्रीम वितळतंय."

केक चांगला होता. एल्रॉयने खाल्ला नाही. मी त्याला पुष्कळ समजावलं. सगळ्या गल्लीने वा वा केलं, म्हातारीचं काय मनावर घेतोस. उलट मलाच तिचा राग आला होता. इतकी मेहनत आणि हिला खिसा दिसतो! एल्रॉय म्हणाला, "तिला दिसणारच. मला दिसायला हवा होता. रोज तोच शर्ट घालतो मी." आणि त्याने चित्र भिंतीवरून उतरवलं.

पुढचे दिवस आम्ही दुकानात बसून उसवत होतो. एकूण एक उलटी प्रत तपासायची. खिसा आहे? काढ. बटणपट्टी? काढ. पदर? काढ. हातातलं घड्याळ? काढ. फक्त ज्याला डावं-उजवं नाही तेच उलटं ठेवायचं, म्हणजे फ्रॉकचा घेर, पाठमोरी माणसं, कापडाची नुसती नक्षी. उलट्या प्रतींतल्या निम्म्याहून जास्त गळाल्या. फोटो पुन्हा कमी. सहा घरांची अट त्याने ठेवली, रंगाची छटा दहावरून वाढवायला मी सांगून पाहिलं, पण ऐकेल तर शपथ. कपाळाला पुरतील इतके पांढरे फ्रॉक होते. केसांना अप्पा होते. कमी पडला तो गालांचा रंग, ना उजळ ना गडद असा. तिथे पुरेसे फोटोच नव्हते. सॉफ्टवेअरने मग जे मिळेल ते लावलं, आणि दोन्ही गालांवर, चष्म्याच्या खाली, काळपट ठिपके उठले. जवळून नव्हते कळत. मागे सरकलं की दिसायचे.

"हे नाही चालणार," एल्रॉय स्क्रीनपासून मागे जात, रस्त्यावर फुटपाथवर उभं राहून म्हणाला. "डाग दिसतायत."

"मग थोडे उलटे शर्ट घाल. चार-पाच. तिला कळणार नाही."

"देविका."

"बरं."

दुसरा प्रिंट लागला तेव्हा गर्दी नव्हती. रविवारची दुपार, लोक जेवून आडवे झालेले. नेरिसा दारात, मी, एल्रॉय आणि अप्पांची खुर्ची. अप्पा आले होते ते स्वतःचा खिसा तपासायला. आंटी घरातून बाहेर आली, चष्मा काढला, नाक लावलं.

ती वेळ काढून बघत होती. वरून खाली, जसा कपडा तपासते तसा. "सुभद्रा. ठीक." "कॅरिसा." "परत कॅरिसा. किती वेळा आहे ही?"

"पुष्कळ वेळा, आंटी," एल्रॉय म्हणाला. "पांढरं तेवढंच होतं."

"असू दे. त्या फ्रॉकला मी तीन दिवस घातले होते." ती पुढे गेली. "वॉरेन." इथे ती थांबली. वॉरेन म्हणजे तिचा धाकटा भाऊ, एल्रॉयचे वडील. तेही डावखुरे. एका धुरकट फोटोत गोदीच्या गेटाशी उभे, आणि खिसा उजवीकडे. तिने त्यांच्या खिशावरून अंगठा फिरवला. मग शोधत शोधत चष्म्याच्या रिंगेखाली आली. चोपून बसवलेल्या केसांचा पोरगा तिथेच होता. आता त्याचा खिसा उजवीकडे होता.

ती चष्मा हातात तसाच ठेवून मागे सरकायला लागली. एक पाऊल, दुसरं. एल्रॉयने तिला धरायला हात पुढे केला, तिने तो झटकला. दोन-तीन पावलांतच ती थांबली. आम्हाला तिथून अजून नुसते तुकडे दिसत होते, आम्हाला थेट समोरच्या भिंतीपर्यंत जावं लागायचं. पण चष्म्याशिवाय तिच्या डोळ्यांपुढे सगळे तुकडे एकमेकांत विरघळून गेले असणार. तिने तोंडावर हात ठेवला.

"मी," ती म्हणाली.

"हो, आंटी."

मग तिच्यातली शिंपीण जागी झाली, मला दिसलंच ते. मान तिरकी झाली, डोळे बारीक झाले. "गालावर डाग आहेत."

एल्रॉयचे खांदे खाली आले. "फोटो कमी पडले, आंटी. गालाच्या रंगाचे नव्हते. उलटे घातले असते तर गेले असते डाग. पण मग—" त्याने चित्राच्या कडेला हात घातला. "उसवू?"

आंटीने स्वतःच्या गालावरून हात फिरवला. तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग आहेत, किती वर्षांचे. उन्हाचे म्हणा, वयाचे म्हणा. मी रोज बघते आणि कधी बघितलेच नव्हते.

"हे माझ्या गालावर आहेतच की रे," ती म्हणाली. "ते काढले असतेस तर ती दुसरीच कुणीतरी झाली असती."

मग ती चित्राकडे वळली, पुन्हा एकदा वरून खालपर्यंत बघितलं, आणि तोंडात टाचण्या नसताना, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बरोबर."

मला रडू आलं. लपवायचं कशाला, आलं. नेरिसा आधीच डोळे पुसत होती. अप्पा मोठ्याने विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" एल्रॉय बाप्टिस्ट गल्लीच्या मधोमध उभा होता, तोंड उघडं, पन्नाशी उलटलेला तो बाप्या. आंटीने चष्मा चढवला आणि त्याच्याकडे बघून म्हणाली, "नाक पूस." त्याने डाव्या हाताने उजव्या खिशातून रुमाल काढला.